गंजलेली सळी परत पाठवण्याआधी वजन करा

«सळीला गंज दिसला की माल परत पाठवा. चकचकीत, जाड रिबची ५५० ग्रेडची सळी घ्या आणि सर्टिफिकेट मागा, मग काळजी नाही.»

बांधकामासाठी सळी घेताना असा सल्ला हमखास ऐकू येतो, पण तो जसाच्या तसा पाळू नका. गंजापासून सुरू करू. गोव्याच्या पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेली चांगली सळीही थोड्याच दिवसांत तांबूस होते. हा पातळ थर काँक्रीटची पकड बिघडवत नाही. तारेच्या ब्रशने घासल्यावर पापुद्रे सुटले, खाली बारीक खड्डे दिसले, तर मात्र प्रश्न आहे. किनारपट्टीवर असे खड्डे बहुतेक खाऱ्या हवेमुळे पडतात. सळ्या गोड्या पाण्याने धुवा, खारट विहिरीच्या नव्हे. जमिनीपासून उंच, लाकडी ओंडक्यांवर रचा. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते.

गंजाने किती लोखंड खाल्लं, ते वजन सांगतं. १२ मिमी सळीचं प्रमाणित वजन मीटरला ८८८ ग्रॅम. सळ्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १७८६ प्रमाणे, एकट्या नमुन्यात ६ टक्के, तर लॉटच्या सरासरीत ५ टक्के घट चालते. म्हणजे अनुक्रमे सुमारे ८३५ आणि ८४४ ग्रॅम. वेगवेगळ्या सळ्यांचे एकेक मीटरचे तुकडे घासून तोलले आणि ८४५, ८४०, ८३६ भरले, तर सुटा प्रत्येक तुकडा पास, पण सरासरी ८४० म्हणून लॉट संशयास्पद. आणखी तुकडे तोला. चकचकीत सळीही अशीच हलकी निघू शकते, कारण ती कारखान्यातूनच बारीक आलेली असते.

सळीवरची उंच धार, म्हणजे रिब, जाड दिसते म्हणून सळी जाड, असंही नाही. कॅलिपर रिबवर टेकवला तर माप फुगतं, म्हणून तराजू बरा. रिब सलग, सारख्या अंतरावर आहेत ना, झिजून सपाट झालेल्या नाहीत ना, एवढंच पाहा.

ग्रेडचा आकडा मोठा म्हणजे सळी चांगली, हे तर सरळ चूक. ताण-वाढ म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत सळी किती लांबते ते. साध्या ५५० ला ती किमान १० टक्के पुरते. ५००डी या जास्त लवचिक ग्रेडला १६ लागते. वाकवताना आणि भूकंपात हीच लवचिकता कामाला येते. इंजिनीअरने ५००डी लिहिलं असेल तर दुकानदाराच्या सांगण्यावरून ५५० घेऊ नका, कमी सळ्यांत भागवायला तर मुळीच नको.

सर्टिफिकेट हवंच, पण वाचून. समजा त्यावर यील्ड, म्हणजे सळी कायमची ताणली जायला लागते ती ताकद, ५२०, अंतिम ताकद ५६८, ताण-वाढ १४ टक्के आहे. ५६८ भागिले ५२० म्हणजे सुमारे १.०९. साध्या ५०० ला १.०८ पुरतं, ५००डी ला किमान १.१० हवं, आणि ताण-वाढही कमी पडते. कागदावर ५००डी छापलेलं असलं तरी हा माल साधा ५००. हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक, बंडलच्या टॅगशी जुळवा, आयएसआय परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा. हीट नंबर जुळत नसेल, तर तो कागद दुसऱ्याच मालाचा आहे.