पंधरा टक्के कोलेस्टेरॉल आणि निम्मा धोका : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

"कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध म्हणजे नुसता सहसंबंध आहे. जनुकीय अभ्यास हेही शेवटी निरीक्षणच, प्रयोग नव्हे. शिवाय त्या जनुकाने कोलेस्टेरॉल जेमतेम १५ टक्के कमी होते, मग धोका निम्म्यावर कसा येईल? आणि ते जनुक शरीरात आणखी काय करते, हे कोणी पाहिले?"

परळला राहून जैवसांख्यिकी शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने हा मजकूर मला पाठवला. तिच्यासमोर त्या वेळी २००६ साली प्रसिद्ध झालेला पीसीएसके-९ या जनुकावरचा अमेरिकी शोधनिबंध होता, म्हणून उत्तरही त्याच निबंधाच्या आधारे देतो.

पहिला आक्षेप निरीक्षणाचा. साध्या निरीक्षणातली अडचण अशी की ज्याचे एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, जास्त, तोच माणूस कदाचित जास्त सिगारेट ओढतो, कमी चालतो आणि रक्तदाबाची गोळी चुकवतो. मग हृदयविकाराचे खापर कशावर फोडायचे, हे ठरत नाही. जनुकाचे तसे नसते. आई आणि वडील या प्रत्येकाकडे असलेल्या दोन प्रतींपैकी कोणती प्रत अपत्याला मिळेल, हे बीजपेशी तयार होतानाच्या विभाजनात नाणेफेकीसारखे ठरते, आणि ते मूल पुढे दादरला राहील की डोंबिवलीला, तंबाखू खाईल की नाही, याच्याशी त्या नाणेफेकीचा संबंध नसतो. आजार झाल्यामुळे जनुक बदलत नाही, त्यामुळे कार्यकारणाची दिशा उलटी असण्याची शंकाही उरत नाही. या नैसर्गिक वाटपाचा उपयोग करण्याच्या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात.

मात्र हे वाटप एका कुटुंबात जितके निखळ असते, तितके सबंध लोकसंख्येत नसते. मुंबईत वेगवेगळ्या समाजांतील लोकांचे नमुने सरसकट एकत्र केले आणि तो जनुकप्रकार नेमका वेगळा आहार असलेल्या एका समाजात जास्त आढळत असला, तर जनुकाच्या नावाखाली आपण आहाराचाच परिणाम मोजू. त्या निबंधात कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय सहभागींचे विश्लेषण वेगवेगळे केले आहे, ते याच कारणासाठी महत्त्वाचे ठरते.

दुसऱ्या आक्षेपावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण त्यात विचारलेला प्रश्न खरोखर चांगला आहे. पीसीएसके-९ हे प्रथिन यकृतातील एलडीएल-ग्राहींचा, म्हणजे रक्तातले एलडीएल पकडून आत घेणाऱ्या रेणूंचा, नाश घडवते. ते दुबळे असले की ग्राही टिकतात आणि रक्तातले एलडीएल अधिक उचलले जाते. श्वेतवर्णीयांतील सुमारे ३.२ टक्के लोकांत असा एक प्रकार आढळला. त्यांचे एलडीएल १५ टक्के कमी होते आणि १५ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यापैकी ६.३ टक्के लोकांना हृदयविकार झाला, इतरांत हे प्रमाण ११.८ टक्के होते.

आता हिशेब करू. ज्याचे एलडीएल एरवी दर डेसिलिटर रक्तामागे १४० मिलिग्रॅम असते, त्याचे या प्रकारामुळे ११९ होते, म्हणजे २१ मिलिग्रॅमची घट. ही घट जन्मापासून असल्यामुळे पन्नाशीपर्यंत रक्तवाहिन्यांना २१ गुणिले ५०, म्हणजे १,०५० 'मिलिग्रॅम-वर्षे' इतका दिलासा मिळतो. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या चाचणीत ३९ मिलिग्रॅमची घट पाच वर्षे टिकली, तर तो दिलासा १९५ इतकाच, आणि तिथे मोठ्या हृदय-रक्तवाहिनी घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर हळूहळू साचत जातो. त्यामुळे मोठी पण उशिरा आलेली घट आणि छोटी पण आयुष्यभराची घट यांचे फळ सारखे नसते.

तरीही निम्मा हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. निबंधातच धोक्याचे गुणोत्तर ०.५० आणि त्याचा विश्वासांतराल ०.३२ ते ०.७९ दिला आहे, म्हणजे खरी घट २१ टक्क्यांइतकीच असण्याची शक्यताही त्यात बसते. २०१२ साली सहा जनुकांतील नऊ प्रकार एकत्र घेतले, तेव्हा ३९ मिलिग्रॅममागे धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी दिसला. त्या दराने २१ मिलिग्रॅमला साधारण ३५ टक्के घट येते. मला हा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो.

जनुकाच्या इतर कामांचा प्रश्न रास्त आहे, आणि एका जनुकाच्या बळावर त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणूनच ती सहा जनुके महत्त्वाची ठरतात : एक आतड्यातून होणारे शोषण बदलते, दुसरे यकृतातील निर्मिती, तिसरे ग्राही; मार्ग वेगळे असूनही एलडीएलच्या समान घटीमागे धोका जवळपास सारखाच घटतो. सर्वांच्या आडवाटा नेमक्या एकाच प्रमाणात हृदयाला उपकारक असतील, हे मानणे फार अवघड आहे. ही पद्धत हवे तेच उत्तर देते असेही नाही. एचडीएल, म्हणजे ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढवणारा, पण एलडीएलला हात न लावणारा एक जनुकप्रकार २०१२ सालीच तपासला गेला. त्याच्यामुळे हृदयविकाराचा झटका सुमारे १३ टक्क्यांनी कमी व्हायला हवा होता, पण प्रत्यक्षात काहीच फरक पडला नाही.

साठाव्या वर्षी औषध सुरू केल्यावर नेमका किती फायदा होईल, हे मात्र या निबंधातून काढता येत नाही. त्यासाठी त्या वयाच्या रुग्णांवरील औषधचाचणीच पाहावी लागते.