रांगेतला रिचार्ज मोजला जात नाही

“मोठा रिचार्ज मारला, हँडसेटही ५जी, तरी रोजचा डेटा का कापला जातोय?”

दादा, आधी ॲपमध्ये चालू प्लॅन कोणता दिसतो ते बघा. आमच्या भावाचं असंच झालं. दीड जीबीच्या प्लॅनचे अकरा दिवस शिल्लक असताना त्याने दोन जीबीवाला मारला. तो चालू न होता रांगेत जाऊन बसला. अनलिमिटेड ५जीची पात्रता चालू प्लॅनवरून ठरते, किती पैसे भरले यावरून नाही. बाराव्या दिवशी आपोआप सुरू झालं.

जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलने अनलिमिटेड ५जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. त्याआधी २३९ रुपयांपासून मिळायचं. स्पेक्ट्रम आणि टॉवरवरचा खर्च वसूल व्हायला दर ग्राहकामागचं उत्पन्न वाढावं लागतं, आणि स्वस्त प्लॅनवरच्या माणसाला वर ओढायला ५जीसारखं आमिष नाही. मला हे खटकतं, कारण दीड जीबी पुरणाऱ्यालाही जास्त मोजावे लागतात.

आणखी एक. प्लॅन बरोबर असला तरी ‘अनलिमिटेड’ फक्त फोन ५जीवर असेपर्यंतच. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आहे. पत्र्याच्या शेडमध्ये गेलं की वरचं चिन्ह 5G चं 4G होतं आणि तिथला व्हिडिओ रोजच्या दोन जीबीतून जातो. कोटा संपला की ४जीवर वेग अगदी रांगतो; बाहेर रस्त्यावर आलं की ५जी पुन्हा जोरात. तुमच्याकडे डेटा कापला जातो त्या वेळी ते चिन्ह काय दाखवतं, तेही बघून सांगा.