कर्जाचे प्रयोजन

बँकेत असताना कर्जाच्या अर्जातला एक रकाना मला फार प्रिय होता. ‘कर्जाचे प्रयोजन’. त्यात कुणी ‘घरगुती कारण’ लिहिलं की मी लाल पेनाने गोल करून अर्ज परत पाठवत असे. चौतीस वर्षं हेच केलं. किती लोकांनी मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असतील याचा हिशेब मी ठेवला नाही, पण तो कुठेतरी ठेवला गेला असावा. कारण निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझाच अर्ज परत आला. तोही दोनदा.

झालं असं, की तालुक्याच्या कॉलेजातून एका मॅडमचा फोन आला. एस.वाय.बी.कॉम.च्या मुलांसमोर एक तास बोलायचं. शनिवारी 11 वाजता. विषय तुम्हीच ठरवा, म्हणाल्या. मी म्हटलं, ‘व्याज.’ त्या दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, “छान आहे सर. एक छोटीशी इंट्रोडक्शन नोट पाठवाल का? आपला परिचय, विषय, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांना कसा योग्य आहे ते. दोनशे शब्द. नॅकच्या फाईलला लागते.”

नॅकची फाईल म्हणजे काय हे ज्यांच्या घरात प्राध्यापक नाही त्यांना कळणार नाही. नॅक ही कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, आणि कॉलेजात काहीही घडलं तरी ते तिच्या फाईलला लागेपर्यंत घडलेलं नसतं. नोटीस, हजेरीपट, अहवाल, आणि अक्षांश-रेखांश छापलेले फोटो. मी खरंच येऊन बोललो याला एक वेळ माझी बायको साक्ष देणार नाही, पण उपग्रह देईल.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. साडेतीनशे शब्द झाले. कुठल्या शाखेत रुजू झालो, कुठे बढती, कुठे बदली, थकबाकी किती खाली आणली, बोरवेलच्या कर्जाच्या तपासणीला गेलो असताना कुत्रं कसं चावलं. शेवटी ‘व्याज हा विषय विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल’ एवढी एक ओळ. हिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “यात मुलं कुठे आहेत?”

“शेवटच्या ओळीत.”

“ती तर अंगठ्यासाठी सोडलेली जागा वाटते.”

कुत्र्यासकट नोकरी कापली. पण मग उरलेली जागा कशाने भरायची? म्हणून दुसऱ्या मसुद्यात ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ आलं, ‘आर्थिक साक्षरता ही काळाची गरज’ आलं आणि हात सैल सुटल्यामुळे एनपीए, 2002 चा सरफेसी कायदा आणि बँकांची भांडवल पर्याप्तता हेही आलं. एका तासात. हे वाचून मला स्वतःबद्दल आदर वाटला. पाठवून दिलं.

मॅडमचा निरोप संध्याकाळी आला. “सर, सुंदर आहे. पण ‘व्याज’ शब्द काढून दुसरा कुठलाही घातला तरी चालेल असं वाटतंय. मागच्या महिन्यात सर्पमित्र आले होते, त्यांच्या नोटचा पहिला परिच्छेदही असाच होता. आमच्याच मुलांना हा विषय का, ते थोडं लिहाल का?”

लाल गोल! मोबाईलच्या पडद्यावर मला तो स्पष्ट दिसला. प्रयोजन: घरगुती कारण. अर्ज परत.

राग आला, पण बाई बरोबर होत्या. अर्जदाराचं घर न बघता प्रस्ताव लिहू नये हे मी चौतीस वर्षं कनिष्ठांना सांगत आलो होतो, आणि इथे मी त्यांची मुलं न बघता लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजवर गेलो. वर्गात जायचं नव्हतं, म्हणून गाड्या लावायच्या जागेत उभा राहिलो. जामिनदाराची ऐपत बघायला आपण गोठ्यात जातो, तसं.

आणि तिथे माझा विषय ओळीने, स्टँडवर लावून उभा होता. बऱ्याच गाड्या नव्या. एकाच्या टाकीवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. मालक जवळच होता. मी विचारलं, “केवढ्याला पडली?”

“काका, लोन आहे. 90 हजार. तीन वर्षं.”

“व्याज?”

“अकरा टक्के. बँकेत पण तेवढंच आहे, आणि बँक सतरा कागद मागते.”

“हप्ता?”

“3,325.”

आता इथे माझ्या आतला अधिकारी जागा झाला. अकरा टक्क्यांनी 90 हजारांचा तीन वर्षांचा हप्ता बँकेत 2,947 रुपयांच्या आसपास बसतो. मग हे वरचे पावणेचारशे कुठले? कँटीनमध्ये नेऊन त्याला चहा पाजला आणि बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.

त्याला विकलेलं व्याज फ्लॅट रेटचं होतं. 90 हजारांचे अकरा टक्के म्हणजे वर्षाला 9,900, तीन वर्षांचे 29,700. ते मुद्दलात मिळवले की 1,19,700, आणि भागिले 36. झाला 3,325. सरळ, स्वच्छ, चौथीतल्या मुलालाही जमेल असं गणित. गोम एवढीच, की तो दर महिन्याला मुद्दलही फेडतोय हे या गणिताला माहीतच नाही. शेवटच्या महिन्यात त्याच्याकडे या हिशेबाने फक्त 2,500 रुपये मुद्दल उरलेलं असेल, आणि त्यावरही व्याज मोजलंय 825. म्हणजे पूर्ण 90 हजारांवर पहिल्या महिन्यात होतं तेवढंच. बँक मात्र उरलेल्या शिलकीवरच व्याज लावते. म्हणून तिथे तीन वर्षांचं व्याज सोळा हजारांच्या जरा वर जातं. इथे जवळजवळ तीस.

“म्हणजे अकरा नाहीत?”

“साडेएकोणीसच्या वर आहेत.”

त्याला ते पटेना. माझ्यावर विश्वास ठेवावा असं माझ्यात फारसं काही नव्हतं. शर्टाची गुंडी वरखाली लागली होती. पण मोबाईलमध्ये एक्सेल होतं, आणि कॉम्प्युटरच्या पेपरात त्याला ते शिकवलेलंही होतं. त्यालाच टाइप करायला लावलं:

```
=RATE(36,-3325,90000)*12
```

0.1957 आलं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतून गाडीकडे. गाडी तीच होती, पण तिच्याकडे बघण्यातलं प्रेम कमी झालेलं मला दिसलं.

“पण काका, मी दीड वर्षात मिटवणार आहे. 18 हप्ते झाले की निम्मं कर्ज. 45 हजार एकदम भरून टाकायचे.”

इथे मला चहा खाली ठेवावा लागला. हप्ता काढताना सरळ भागाकार करतात. पण मुदतीआधी मिटवायला गेलात की शिल्लक निघते ती घटत्या शिलकीच्या हिशेबाने, त्या साडेएकोणीसच्या दराने. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ 1,470 रुपये व्याजातच जातात, मुद्दलात पडतात फक्त साडेअठराशे. म्हणून 18 हप्त्यांनंतर बाकी असते सुमारे 51,500. निम्म्यापेक्षा साडेसहा हजार जास्त. त्याशिवाय मुदतीआधी मिटवण्याचा आकार असेल तर तो वेगळा.

“हे कुठे लिहिलेलं असतं?”

लिहिलेलं असतं, हाच तर विनोद. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक टक्केवारी लिहावी लागते. त्याच्या मोबाईलमध्ये ती पीडीएफ होती. कधी उघडली नव्हती. उघडली तर आत 21.05 टक्के! अठराशेची प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली होती, म्हणून हातात आले 88,200 आणि फेडायचे 90 हजारांच्या हिशेबाने. शोरूममधल्या पोराने तोंडाने अकरा सांगितले होते. कागदाने खरं सांगितलं होतं, पण कागद इंग्रजीत होता आणि गाडी समोर उभी होती.

घरी येऊन मी तिसरा मसुदा लिहिला. वीस मिनिटांत. माझा परिचय एका वाक्यात बसला. मग असं:

‘आपल्या वाहनतळावर बऱ्याच नव्या दुचाकी आहेत आणि त्यांतल्या काही हप्त्यांवरच्या असाव्यात. व्याजाची सूत्रं विद्यार्थ्यांनी शिकलेली आहेत, एक्सेलही त्यांना येते. पण स्वतःच्या कर्जाचा कागद त्यांनी त्या सूत्राला लावून पाहिलेला नाही. एका तासात फक्त एकच कर्ज घेऊ: 90 हजार, 36 हप्ते, हप्ता 3,325. विद्यार्थ्यांनी येताना मोबाईल आणि असल्यास स्वतःच्या किंवा घरच्या कर्जाचा कागद आणावा. रक्कम सगळ्यांसमोर सांगण्याची गरज नाही. तासाच्या शेवटी फ्लॅट रेट आणि खरा दर यांतला फरक विद्यार्थ्यांना समजेल.’

एनपीए काढलं. सरफेसी काढलं. भांडवल पर्याप्तता काढताना थोडं वाईट वाटलं, पण माझ्या निवृत्त मित्रांचा गट आहेच, तिथे कुणाला तरी पकडता येईल.

मॅडमचा फोन लगेच आला. “सर, आता मस्त झालंय. फक्त शेवटचं ‘समजेल’ तेवढं बदलूया. लर्निंग आउटकमला ‘समजेल’ चालत नाही. मोजता येईल असं क्रियापद लागतं.”

“समजलं तर समजलं, त्यात मोजायचं काय?”

“तेच ना सर. समजलं हे आपल्याला कसं समजणार?”

मी वाद घालायच्या तयारीत होतो, तेवढ्यात आठवलं, ‘व्यवसायात सुधारणा होईल’ असं लिहून आलेल्या किती प्रस्तावांवर मी ‘म्हणजे किती?’ असं खरडलंय. गुमान बदललं. ‘विद्यार्थी दिलेल्या हप्त्यावरून खरा वार्षिक दर काढतील.’ वाक्य खरोखर बरं झालं, हे मी मॅडमना सांगितलं नाही.

रात्री साडेनऊला पुन्हा निरोप. “सर, नोट प्राचार्यांनी मंजूर केली. फाईलला लावली. बॅनरवर ‘व्याज’ऐवजी ‘भाज’ छापून आलंय, ते उद्या दुरुस्त होईल.”

मी हात जोडलेलं चित्र पाठवलं. मोबाईल ठेवणार, तेवढ्यात पडद्यावर ‘टायपिंग’ दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसू लागलं. हे दोन-तीनदा झालं. मग आला:

“सर, एक विचारू का? याचा फाईलशी संबंध नाही. माझ्या स्कूटीचे निम्मे हप्ते झालेत. दिवाळीच्या पैशातून बाकीचं मिटवून टाकावं म्हणते. निम्मंच राहिलं असेल ना?”

मी हिला चष्मा कुठे ठेवलाय ते विचारलं, आणि मॅडमना लिहिलं, “कागद पाठवा.”