शून्य ब्रोकरेजमध्ये पैसे कसे घालवावेत

ट्रेडिंग करायचं ठरवलंत ना? मग आधी 'ब्रोकरेज शून्य' अशी जाहिरात करणारं ॲप शोधा. शून्य म्हटलं की खर्चाचा विषयच मिटला.

आता काय घ्यायचं ते ठरवा. ज्यात प्रचंड उलाढाल असते आणि घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावात जेमतेम एका टिकचं, म्हणजे भावाच्या सर्वांत छोट्या पायरीचं, अंतर असतं, तिकडे फिरकूच नका. तिथे गर्दी फार. त्यापेक्षा दिवसाला मोजकेच सौदे होणारा एखादा निवांत ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क देणारा करार, गाठा. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'शेवटचा भाव 4.30' दिसेल. तो कधीचा आहे, हे विचारायचं नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत बिड 4.00 आणि आस्क 4.60 असे दोन आकडे असतील. बिड म्हणजे या क्षणी घेणाऱ्यांनी लावलेला सर्वांत चढा भाव, आणि आस्क म्हणजे विकणाऱ्यांनी सांगितलेला सर्वांत उतरता. ज्याला घाई असते तो आस्कला घेतो आणि बिडला विकतो. मधले 0.60 म्हणजे स्प्रेड. पण अक्षरं बारीक आहेत, तेव्हा तुमच्या कामाची नसणारच.

आता बेधडक 1000 नगांची मार्केट ऑर्डर, म्हणजे 'मिळेल त्या भावाला लगेच घ्या' असा हुकूम, टाका. मार्केट डेप्थ उघडून पाहिलीत तर 4.60 ला फक्त 200 नग विकायला आहेत, पुढचे 300 नग 4.70 ला आणि त्यापुढचे 500 थेट 4.85 ला, असं दिसेल. म्हणून तर ती उघडायची नसते! ऑर्डर आपोआप वरच्या भावांपर्यंत चढत जाते आणि 4755 मोजून तुमचं काम एका झटक्यात होतं.

दोन मिनिटांनी मन बदललं तर तितक्याच बेधडकपणे विका. बिडच्या बाजूला 4.00 ला 400 नगांचे गिऱ्हाईक आहे आणि 3.90 ला उरलेल्या 600 चे. हातात येतील 3940. बाजार तसूभरही हललेला नाही आणि तुमचे 815, म्हणजे गुंतवलेल्या पैशांतले सुमारे 17 टक्के, गेले. ब्रोकरेज मात्र खरोखरच शून्य. दिलेला शब्द पाळणारी माणसं आजकाल मिळतात कुठे?

आणि विकायची घाई केलीच नाहीत तर? तर सगळा माल बिडला विकून नुसती मुद्दल सुटायलाही बिड 4.00 वरून 4.76 च्या आसपास जायला हवी, शिवाय त्या भावाला हजारभर नगांचे घेणारे हवेत. म्हणजे जवळजवळ 19 टक्क्यांची वाढ, नफ्यासाठी नव्हे, जिथे होतात तिथे परत यायला. आशावादी माणसाला एवढं काय जड?

चार्ट पाहायला विसरू नका, खरी गंमत तिथे आहे. कोणी आस्कला घेतलं की शेवटचा भाव 4.60, कोणी बिडला विकलं की 4.00. ऑप्शनची किंमत जागच्या जागी आणि चार्टवर मात्र 15 टक्क्यांच्या उड्या. यालाच 'मूव्हमेंट' समजा आणि प्रत्येक उडीवर एक सौदा करा. खालच्या टोकाला घेऊन वरच्या टोकाला विकता येईल असं वाटेल खरं, पण मार्केट ऑर्डरवाल्याला नेमकं उलटं मिळतं: घ्यायला वरचं टोक, विकायला खालचं.

मधल्या फरकावर जगणाऱ्या मार्केट मेकरबद्दल मनात अढी धरू नका. दोन्ही बाजूंना भाव लावून बसणं जोखमीचं असतं. माल अंगावर पडतो, आणि समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असली तर फटका बसतो. म्हणून मोठी बातमी यायच्या तोंडावर किंवा बाजार उघडल्यावरच्या पहिल्या मिनिटांत तो दोन भावांतलं अंतर वाढवून ठेवतो. तुमच्याकडे कसलीच आतली माहिती नसते, पण हे त्याला कसं कळणार? हुशार लोकांकडून होणाऱ्या तोट्याची भरपाईही तुमच्याकडूनच होते. तेव्हा तुम्ही नेमक्या त्याच मिनिटांत उतरा.

कोणी शहाणा म्हणेल, 'लिमिट ऑर्डर टाक, 4.30 ला लाव आणि थांब.' ऐकू नका. थांबल्यावर सौदा कधी कधी होतच नाही, आणि झालाच तर बऱ्याचदा भाव खाली घसरत असतानाच होतो; एवढं त्या शहाण्यालाही मान्य करावं लागेल. मात्र घ्यायला 4.30 पेक्षा जास्त मोजावं लागत नाही, ही गोष्ट तो दहादा सांगेल. तुम्ही ॲपचा आवाज मोठा करा.

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट येईल. त्यात कर, शुल्क, सगळं ओळीने लिहिलेलं असेल. स्प्रेडची ओळ शोधून पाहा. नाही ना सापडत? मग उद्या नगांची संख्या दुप्पट करायला हरकत नाही.