लाइन टिकवण्याची कला

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवायची औषधाची नळी, घालायला कुणीही शिकतं. आरएमओ म्हणून सहा महिने काढले, सोनोग्राफीचा प्रोब हातात आला, की मानेतली शीर सापडते. खरं कसब आहे ते गरज संपल्यावरही लाइन आत ठेवण्याचं. नाशिकच्या कुठल्याही गजबजलेल्या आयसीयूत हे कसब आपोआप अंगी येतं, पण नवशिक्यांना थोडं मार्गदर्शन हवं असतं, म्हणून हा प्रपंच.

उदाहरण घेऊन बोलू. समजा, निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका, वय ५८, सोमवारी रात्री तुमच्याकडे आले. थंडीत न्यूमोनिया अंगावर काढलेला, बीपी ७० वर, लघवी नाही. दोन लिटर सलाईन जाऊनही बीपी हलेना, म्हणून बीपी वाढवणारं नॉरॲड सुरू करायचं ठरलं. इथवर तुमचं काहीच चुकलेलं नाही. काकांना सेंट्रल लाइन हवीच होती.

आता जागा. गळ्याखाली किंवा मानेत घालायची तर प्रोब हवा, आणि तो खालच्या मजल्यावर कुलपात. मग जांघ आहेच. जांघ म्हणजे घाम, डायपर आणि ओलावा. मोठ्या माणसात शक्यतो जांघ टाळा, असं चेकलिस्टवर लिहिलेलं असतं, पण ते दिवसा वाचायचं असतं. क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोलचं मिश्रण मागे-पुढे घासून लावायचं आणि ते आपोआप वाळेपर्यंत थांबायचं. ओलसर जागी तर जास्तच थांबायचं. तुम्ही थांबू नका. निर्जंतुक गॉजने टिपून घ्या आणि सुई घाला. जंतू मरायला वेळ लागतो हे खरं, पण वेळ तुम्हालाही नाही. गाऊनची गाठ मागून बांधायला माणूस नाही, तेव्हा गाऊन सोडा. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा मोठा ड्रेप उघडायला खर्चिक, तेव्हा मधे भोक असलेला छोटा कपडा पसरा. नळी ज्या तारेवरून आत सरकवतात तिचं मागचं टोक त्या कपड्यावरून घसरून पांघरुणाला लागेल. लागू दे. कुणी पाहिलं?

सिस्टरने पाहिलं. आणि इथेच तुमची पहिली परीक्षा आहे. चेकलिस्ट ही घालणाऱ्याने भरायची नसते. शेजारी उभी असलेली सिस्टर एकेक पायरी मोठ्याने वाचते, पायरी चुकली तर 'थांबा' म्हणते आणि डॉक्टर थांबतो. जीव जाण्याची वेळ असेल तर गोष्ट वेगळी. पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये हाच हट्ट धरला, आणि २००६ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात लाइनच्या इन्फेक्शनचा मध्यक दर, एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस धरून, हजार लाइन-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. पाच साध्या गोष्टी होत्या: हात धुणं, पूर्ण झाकणं, क्लोरहेक्सिडिन, जांघ टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं. पण ते मिशिगन. आपल्याकडे रात्री दोन वाजता,

"सर, गाऊन राहिला."

"सिस्टर, बीपी बघा आधी."

एवढ्या दोन वाक्यांत विषय मिटतो. 'सर' या संबोधनातच थांबा म्हणायची सोय नाही. ती पुन्हा बोलणार नाही, आणि पुढच्या खेपेला पहिल्यांदाही बोलणार नाही.

फॉर्म मात्र भराच. सकाळी सात वाजता, ड्यूटी संपताना, एकाच पेनने, वरपासून खालपर्यंत एका दमात टिका मारत जा. गाऊन: हो. मोठा ड्रेप: हो. अडचण एका ठिकाणी येते. 'तातडीने घातली, निर्जंतुकपणाची खात्री नाही' असा एक रकाना बऱ्याच फॉर्मवर असतो. त्यावर चुकूनही खूण करू नका. ती केली की अशी लाइन ४८ तासांच्या आत काढून गरज असेल तर दुसरीकडे नवी घालायची असते. म्हणजे प्रामाणिक टिक मारणाऱ्याच्या मागे बुधवारी रात्रीपर्यंत काम लागलं.

आता मुख्य भाग. पहिले काही दिवस जंतू बहुतेक करून शिरण्याच्या जागेच्या कातडीवरून नळीच्या बाहेरून आत सरकतात. पुढे पुढे ते नळीच्या तोंडातून, म्हणजे तुमच्या-आमच्या हातून, आत जातात. म्हणून घालण्याची अर्धी घटका कितीही सोवळ्यात पार पडली तरी पुढचे दिवस ओवळे असतील तर तिचा उपयोग राहत नाही. आणि त्या अर्ध्या घटकेला निदान एक फॉर्म आहे, एक सही आहे. पुढच्या दिवसांना वाली नाही. याचा फायदा घ्या.

काकांच्या जांघेकडे बुधवारी पांघरूण उचलून पाहिलं तर काय दिसतं? पारदर्शक ड्रेसिंगचा आतला कोपरा सुटून गुंडाळला गेलाय. त्यावर कुणीतरी मायक्रोपोरची पट्टी मारली आहे, तीही सुटली म्हणून तिच्यावर आडवी दुसरी. खाली टाक्याजवळ वाळलेलं रक्त. तारीख लिहिली होती, ती पुसून आकडा ३ आहे की ८ हे कळत नाही. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांपर्यंत चालतं, हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. त्याचं पुढचं वाक्य, की सुटलं, ओलं झालं, मळलं तर त्याच वेळी बदलायचं, हे विसरायला शिका. दिवसांचा हिशेब ठेवला की जागा बघावी लागत नाही.

थ्री-वेचंही, म्हणजे नळीला औषध जोडायच्या तोटीचंही, तसंच. औषध द्यायच्या आधी नळीचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने दहा-पंधरा सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं असतं. एका सिस्टरकडे तीन पेशंट, प्रत्येकाला दिवसातून दहा वेळा काही ना काही जातं. गुणाकार करून बघा, नुसतं घासण्यातच किती वेळ जातो ते. म्हणून स्वॅब तोंडावर टेकवून लगेच सिरिंज लावतात. त्या सिस्टरला मी नावं ठेवणार नाही. तिच्या वाट्याला पेशंट किती द्यायचे हे ठरवणाऱ्यांना मात्र या लेखाची एक प्रत जरूर द्या.

आता कसोटीचा क्षण. बुधवारी दुपारी काकांचं नॉरॲड बंद झालं. गुरुवारी सकाळी बीपी स्वतःच्या जोरावर १२० वर, लघवी भरपूर, आणि काका मुगाच्या खिचडीला मीठ कमी आहे म्हणून तक्रार करताहेत. अँटिबायोटिक दिवसातून दोनदा, बाकी सगळं तोंडाने. अशा माणसाला जांघेत तीन तोंडांची नळी कशाला, हा प्रश्न राउंडला कुणीतरी विचारू शकतं. त्याची तयारी हवी.

पहिलं उत्तर, "असू दे, लागेल." हे हमखास चालतं. कशाला लागेल हे विचारायची पद्धत नाही. दुसरं, "शिरा सापडत नाहीत." काकांच्या हातावर कोपराखाली दोन चांगल्या शिरा आहेत, द्राक्षबाग छाटणारा हात आहे तो; पण सोमवारी बीपी ७० असताना सापडल्या नव्हत्या, तेव्हा ते वाक्य गुरुवारीही खरं धरायचं. तिसरं, "रक्त काढायला बरी पडते." हे सगळ्यांत सोयीचं, कारण यात पेशंटची सोय आहे असंही म्हणता येतं. प्रत्येक वेळी रक्त काढायला तोंड उघडणं म्हणजे आणखी एकदा दार उघडणं, हे मनात आणू नका.

लाइन ठेवायला खरी कारणं असतात, ती अशी: नॉरॲडसारखं औषध चालू आहे, शिरेतून पूर्ण पोषण द्यायचंय, शीर जाळणारं औषध चाललंय, किंवा हातावर खरोखरच, आज, शोधूनही जागा मिळालेली नाही. यांतलं एकही काकांना लागू नाही. म्हणून राउंडचा कागद असा लिहा: 'सेंट्रल लाइन चालू.' काल हेच होतं, परवाही हेच. कॉम्प्युटरवर असेल तर आणखी सोपं, कालची नोंद उचलून आज टाका. 'आज कितवा दिवस आणि आज कशासाठी' असे दोन रकाने केलेत तर मात्र फसाल. दुसऱ्या रकान्यात हाताने कारण लिहावं लागतं, आणि 'असू दे' असं लिहून खाली सही करायला कुणाचाही हात जरा अडखळतो. त्याहून वाईट म्हणजे कारण नसेल तर सिस्टरनेच राउंड संपायच्या आत काढण्याची ऑर्डर मागायची, असा नियम. काढायला लागतात फक्त दहा-पंधरा मिनिटं: पेशंट सपाट झोपलेला, हातावर इंट्राकॅथ आधीच लावलेलं, हळूच ओढायचं, दाब द्यायचा, हवाबंद ड्रेसिंग, टोक अख्खं आलंय ना हे पाहायचं. मानेतली असेल तर डोकं खाली आणि श्वास सोडताना ओढायची, नाहीतर हवा आत शिरते.

तुम्ही काढली नाहीत. रविवारी सकाळी लाइनमधून अँटिबायोटिक देऊन नळी फ्लश केली आणि वीस मिनिटांत काका थंडीने पलंगासकट हलायला लागले. ताप १०३. छाती कालपेक्षा साफ. औषध गेल्यागेल्या हुडहुडी भरली की शंका नळीवरच घ्यायची असते. अशा वेळी अँटिबायोटिक बदलण्याआधी रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला एकाच वेळी दोन कल्चर घ्यायची, एक हातातून आणि एक लाइनमधून, दोन्ही बाटल्यांत रक्त सारखंच. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढ दाखवू लागली, तर घर नळीतच आहे. काकांची लाइनची बाटली दहाव्या तासाला वाजली, हाताची साडेतेराव्या. जंतू क्लेब्सिएला.

ही भानगड टाळायची असेल तर कल्चर एकच पाठवा, तेही नवं अँटिबायोटिक चढवल्यावर. काही उगवणार नाही. नातेवाईकांना सांगा, न्यूमोनिया उलटला. वाटलंच तर दुसऱ्या जांघेत नवी लाइन घाला आणि नवा फॉर्म काढा.

महिनाअखेरीला इन्फेक्शन कमिटीची बैठक असते, तिचीही काळजी नको. दर काढतात हजार लाइन-दिवसांमागे. समजा महिन्यात दोन इन्फेक्शनं झाली आणि लाइन-दिवस ४००, तर दर ५. पण खिचडी खाणाऱ्या अशा सगळ्या काकांच्या लाइना मिळून आणखी १०० दिवस राहू दिल्या आणि त्यात काही बिघडलं नाही, तर तीच दोन इन्फेक्शनं ५०० वर भागली जातात आणि दर ४. एकही माणूस बरा न करता आलेख खाली. चहा येईपर्यंत अभिनंदनाचा ठराव होतो. हां, एखादी खडूस सिस्टर विचारते की एकूण पेशंट-दिवसांपैकी लाइन-दिवस किती, आणि ते का वाढले. तिला मिनिट्स लिहायला बसवा.