एकेक नियम काढून दोषी सापडतोच असं नाही

दावा: «बॉट विचित्र वागतोय? सिस्टम प्रॉम्प्टमधला एकेक नियम काढून बघा. ज्या नियमाशिवाय ते थांबेल तोच दोषी. तो कायमचा उडवा, विषय संपला.»

समजा, कुरियर कंपनीच्या चॅटबॉटला सिस्टम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे संभाषणाआधीच दिलेल्या सूचनांमध्ये, ४० नियम दिले आहेत. ग्राहक मराठीत विचारतो, «माझं पार्सल कुठे आहे?» आणि बॉट मधूनच हिंदीत उत्तर देतो. तोच प्रश्न २० वेळा विचारला तर साधारण ६ वेळा. या एका उदाहरणावर वरचा दावा पारखून बघू.

«काढून बघा»: किती वेळा बघायचं? दाव्यातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. भाषा-मॉडेल तेच उत्तर दरवेळी देत नाही. चूक १०० पैकी ३० वेळा होत असेल, तर काहीही न बदलता सलग ५ उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. आता ४० नियम एकेक काढून प्रत्येकी ५ वेळा तपासले, तर ज्यांचा काही संबंध नाही असे सहा-सात नियम निव्वळ योगायोगाने दोषी दिसतील. त्यातला पहिला सापडला की माणूस थांबतो आणि चांगला नियम कचऱ्यात जातो. हीच तपासणी २० वेळा केली तर हा योगायोग हजारात एकाहूनही दुर्मीळ होतो. म्हणून काहीही काढण्याआधी मूळ प्रॉम्प्टवर चूक किती वेळा होते ते मोजून ठेवायला हवं. टेम्परेचर, म्हणजे उत्तरं किती बदलती येतील हे ठरवणारी सेटिंग, शून्य केलं की प्रश्न मिटतो, असंही कुणी सांगेल. पण अनेक ऑनलाइन सेवांमध्ये शून्यावरही उत्तरं हुबेहूब सारखी येत नाहीत. शिवाय ग्राहकाला मिळणारा बॉट शून्यावर चालत नसेल, तर आपण भलत्याच बॉटची परीक्षा घेत असतो.

«तोच दोषी»: आणि दोषी दोन असले तर? आपल्या प्रॉम्प्टमध्ये नियम १४ उत्तराचा नमुना देतो: «आपका पार्सल रास्ते में है.» नियम ३१ सांगतो, ग्राहकाच्या नावापुढे «जी» लाव. दोन्ही बॉटला हिंदीकडे ओढतात. फक्त १४ काढला तर चूक २० पैकी ५ वेळा, फक्त ३१ काढला तर ४ वेळा. एवढ्या कमी नमुन्यात ६, ५ आणि ४ यांत फरक आहे असं म्हणताच येत नाही. एकेक काढणारा इथे दोघांनाही निर्दोष सोडतो. दोन्ही मिळून काढले तर चूक शून्यावर येते.

चाळीसांतल्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर त्या ७८० होतात, तेवढं कुणी करणार नाही. त्यापेक्षा गट काढावेत. आधी पहिले २० नियम काढा, मग ते परत घालून शेवटचे २० काढा. दोन्ही वेळा चूक उरली, तर कारण दोन्ही अर्ध्यांत आहे हे लगेच कळतं. मग एक अर्धा बाहेरच ठेवून दुसऱ्याचे आणखी भाग पाडायचे, आणि नंतर उलट. प्रोग्रॅममधले दोष शोधण्यासाठी आंद्रेआस झेलर यांनी मांडलेलं डेल्टा डिबगिंग याच वाटेने जातं. «ग्राहकाच्या भाषेतच उत्तर दे» हा नियम ९ मात्र या खेळात जागचा हलवू नका. तो काढला की हिंदी उत्तरं वाढतील आणि सगळे आकडे गढूळ होतील. चूक थांबवणारे नियमही यादीत असतात, आणि «थांबलं का?» एवढंच बघणाऱ्याला ते दिसत नाहीत.

ओळ काढल्याने बाकीचा मजकूरही बदलतो. नियम १५ म्हणत असेल «वरील नमुन्याप्रमाणे तारीख लिही», तर १४ गेल्यावर तो हवेत लटकतो. त्यामुळे ओळ पुसण्याऐवजी तिच्या जागी तेवढ्याच लांबीची निरुपद्रवी ओळ ठेवावी, क्रमांक तसेच राहू द्यावेत. संशयित सापडले की उलट तपासणीही करावी: ते परत घातल्यावर चूक परत येते का? येत नसेल तर शोध पूर्ण झालेला नाही.

«कायमचा उडवा»: नियम १४ कुणीतरी कारणाने लिहिला होता. उत्तर छोटं यावं, पार्सलची स्थिती आधी सांगावी. तो उडवला की हिंदी जाईल, पण बॉट चार परिच्छेद लिहू लागेल. नमुना मराठी आणि हिंदी दोन्हींत द्या, नियम ३१ बदलून «ग्राहकाच्या भाषेत रूढ असलेलं आदरार्थी संबोधन वापर» असं लिहा. मग मराठी प्रश्न पुन्हा २० वेळा चालवा, आणि हिंदी प्रश्नही तितकेच. हिंदीत विचारणाऱ्याला आता मराठी उत्तर मिळू लागलं, तर दुरुस्तीनेच नवी चूक आणली आहे.