तेलाचं बिल रुपयात झालं म्हणून रुपया राखीव चलन होत नाही

"अमेरिका आणि सौदीने 1974 मध्ये 50 वर्षांचा पेट्रोडॉलर करार केला होता, तो जून 2024 मध्ये संपला. तेल डॉलरमध्येच विकलं जायचं म्हणून जग डॉलर बाळगत होतं. अमेरिका नुसत्या नोटा छापून जगाचा माल फुकट घेते. आता आपण तेल रुपयात घेतलं की रुपया राखीव चलन होईल आणि हा फायदा आपल्याला मिळेल."

असा दावा ऐकू येतो. राखीव चलन म्हणजे इतर देश आपल्या गंगाजळीत जपून ठेवतात ते चलन. आधी कराराचं बघू. 8 जून 1974 रोजी सही झाली ती आर्थिक सहकार्याच्या संयुक्त आयोगावर. सौदीत उद्योग उभे करणं, माणसं प्रशिक्षित करणं, असं त्याचं काम होतं. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, अशी अट त्यात नव्हती, आणि 50 वर्षांची मुदतही नव्हती. त्याच वर्षी सौदीने आपला तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत घालायचं गुपचूप ठरवलं, हे मात्र खरं आहे. ती कागदपत्रं 2016 मध्ये बाहेर आली. म्हणजे वाटाघाटीतला कळीचा भाग तेलाचा पैसा कुठे गुंतवायचा हा होता. शिवाय सौदी रियाल 1986 पासून एका डॉलरला 3.75 या दराशी बांधलेला आहे. हा दर टिकवायचा तर सौदीच्या मध्यवर्ती बँकेला डॉलरचा साठा ठेवावाच लागतो, मग तेल युआनमध्ये विकलं तरी.

तेलामुळे जग डॉलर बाळगतं, या दुसऱ्या मुद्द्यासाठी साधा हिशेब पुरतो. जग दिवसाला साधारण 10 कोटी पिंपं तेल वापरतं. पिंपाला 80 डॉलर धरले तर ही रक्कम दिवसाला 8 अब्ज डॉलर होते. एप्रिल 2022 च्या मोजणीनुसार जगात दिवसाला सुमारे 7,500 अब्ज डॉलरचे चलनव्यवहार होत होते आणि त्यातल्या 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. या आकड्यांपुढे तेलाचा पैसा अगदीच किरकोळ ठरतो.

मग देश डॉलर का बाळगतात? गंगाजळी ही अडचणीच्या दिवसासाठी असते. आयातीची बिलं भागवायला किंवा आपलं चलन घसरताना सावरायला मध्यवर्ती बँकेला एका दिवसात काही अब्जांची मालमत्ता विकता आली पाहिजे, तीही भाव न पाडता. अमेरिकी सरकारी रोख्यांचा बाजार 2024 मध्ये सुमारे 28 लाख कोटी डॉलरचा होता, तिथे हे जमतं. पैसा आत-बाहेर न्यायला परवानगी लागत नाही आणि तंटा झाला तर निकाल कसा लागेल याचा अंदाज असतो. या शेवटच्या गोष्टीला 2022 मध्ये तडा गेला. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे 300 अब्ज डॉलर किमतीचे साठे पाश्चात्त्य देशांनी गोठवले. त्यानंतर अनेक देशांनी सोनं वाढवलं. जगाच्या जाहीर गंगाजळीत डॉलरचा वाटा 1999 मधल्या सुमारे 71 टक्क्यांवरून 2024 मध्ये 58 टक्क्यांच्या आसपास आला आहे. घसरण खरीच आहे, पण ती पाव शतकाची संथ घसरण आहे. आणि युआनचा वाटा अजून दोन टक्क्यांच्या जवळपासच घुटमळतो, कारण चीन पैसा मोकळेपणाने बाहेर जाऊ देत नाही.

"फुकट नोटा" हा समज अर्धवट आहे. गंगाजळीतले डॉलर नोटांच्या रूपात तिजोरीत नसतात. ते बहुतांशी रोख्यांत असतात आणि अमेरिका त्यांवर व्याज देते. तिचा खरा फायदा असा, की हे व्याज एरवीपेक्षा कमी पडतं आणि कर्ज स्वतःच्या चलनात असल्याने ते फेडायला परकं चलन मिळवावं लागत नाही. याची किंमतही तिला मोजावी लागते. जगभरातून डॉलरला मागणी असल्याने तो महाग राहतो, तिथल्या कारखान्यांचा माल बाहेर महाग पडतो. 1975 नंतर एकाही वर्षी अमेरिकेचा व्यापार शिलकीत गेलेला नाही, आणि महाग डॉलर हे त्यामागचं एक कारण आहे. शिवाय संकटात जगाला डॉलर पुरवायची जबाबदारीही तिच्यावरच येते. 2020 च्या मे अखेरीस अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांना त्यांच्या चलनाशी अदलाबदलीने दिलेले डॉलर सुमारे 450 अब्जांवर होते. हे ओझं नको म्हणून पश्चिम जर्मनी आणि जपानने 1970 च्या दशकात आपापलं चलन राखीव होऊ नये यासाठी परक्या पैशावर निर्बंध घातले होते.

आता रुपया. हा प्रयोग होऊन गेला आहे, म्हणून त्यातूनच बघावं. रिझर्व्ह बँकेने 11 जुलै 2022 रोजी खास रुपया व्होस्ट्रो खात्यांची सोय केली. परदेशी बँक भारतीय बँकेत खातं उघडते, आपला आयातदार त्यात रुपये भरतो आणि समोरचा देश त्याच रुपयांतून भारतीय माल घेतो. 2022-23 मध्ये भारताने रशियाकडून सुमारे 46 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि जेमतेम 3 अब्जांचा विकला. सगळा व्यवहार रुपयात झाला असता तर 43 अब्जांचे रुपये खात्यात पडून राहिले असते. प्रत्यक्षात त्यातला थोडाच भाग रुपयात झाला, तरीही मे 2023 मध्ये गोव्यातल्या शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. ते सरकारी रोख्यांत गुंतवायची परवानगी नियमात होती. पण रशियाला हवी होती यंत्रं आणि सुटे भाग, आणि रुपये घेऊन तिसऱ्या देशात ते मिळत नाहीत. चलन स्वीकारणं आणि ते बाळगायची तयारी असणं यातलं अंतर इथे दिसतं.

आणि रुपया परदेशात खरंच चालत होता तेव्हा काय झालं? 1950 च्या दशकात कुवेत, बहरीन, कतार, दुबई, ओमान इथे भारतीय रुपयाच रोजचं चलन होता. तस्कर इथल्या नोटा तिकडे नेऊन सोनं घेत. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि तिला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. देशात आलेल्या चोरट्या सोन्याचं बिल असं आपल्याच गंगाजळीतून भागत होतं. म्हणून 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, Z अक्षराच्या क्रमांकांच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. तरी बाहेर असलेला प्रत्येक रुपया हे रिझर्व्ह बँकेचं देणं होतंच. 6 जून 1966 रोजी अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला. आपल्या देशाच्या अडचणीपायी घेतलेल्या त्या निर्णयाने आखातातल्या दुकानदाराच्या गल्ल्याची किंमत एका दिवसात 36.5 टक्क्यांनी घटली. कुवेत 1961 मध्ये आणि बहरीन 1965 मध्ये आधीच बाहेर पडले होते. कतार आणि दुबईने 1966 मध्येच रुपया सोडला, ओमान 1970 पर्यंत राहिला.

रुपयात व्यवहार करायला आमचा विरोध नाही. ऑगस्ट 2023 मध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीला दहा लाख पिंपांचे पैसे रुपयात दिले. त्यात दोनदा चलन बदलण्याचा खर्च वाचतो, आणि अमिरातीला भारतात गुंतवणूक करायचीच असल्याने ते रुपये तिला अडगळ वाटत नाहीत. अशा पुढच्या बातमीत पिंपांचा आकडा दिसला, तर त्यासोबत विक्रेत्याने त्या रुपयांचं सहा महिन्यांत काय केलं तेही शोधा: भारतीय माल घेतला, रोखे घेतले, की डॉलर मागितले.